ड्रमांचा तराफा किती बुडेल आणि पाण्यातला ठोकळा किती भरेल?

प्रश्न: सर, गोव्यात चोडणला आमच्या घरामागे मांडवी नदीच्या काठी होडी लावायला तरंगता तराफा करायचा आहे. ४ मीटर × ३ मीटर, खाली आठ निळे ड्रम आडवे, वर लाकडी फळ्या. एका वेळी सहा माणसे. मुलाच्या अकरावीच्या पुस्तकात ‘बुडालेला भाग म्हणजे वस्तूची घनता भागिले द्रवाची घनता’ असे दिले आहे, पण ड्रम पोकळ, फळ्या लाकडाच्या, माणसे वर उभी. मग घनता कोणाची धरायची? आणि चार कोपऱ्यांना काँक्रीटचे ठोकळे नांगर म्हणून टाकणार आहोत, ते पाण्यात हलके होतात म्हणतात, किती? चिरे टाकले तर चालतील का? पावसाळ्यात नदी गोडी होते, त्याने काही बिघडेल का?

उत्तर:

पुस्तकातले सूत्र बरोबर आहे, फक्त ते लाकडाच्या ओंडक्यासारख्या, आरपार एकाच पदार्थाच्या वस्तूसाठी सोपे करून लिहिलेले असते. तुमच्या तराफ्याला एक घनता नाही, म्हणून घनता बाजूला ठेवा आणि मूळ गोष्ट धरा. तरंगणारी वस्तू स्वतःच्या सगळ्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. एवढे पाणी सारायला जितका भाग पाण्यात जावा लागतो तितकाच जातो आणि तिथे ती थांबते. म्हणून:

बुडालेला अंश = तराफ्याचे एकूण वजन ÷ ड्रम पूर्ण बुडाले तर सारल्या जाणाऱ्या पाण्याचे वजन

भाजक काढायला ड्रमांचे बाहेरून मोजलेले आकारमान लागते. आत किती मावते ते नव्हे. ड्रमवर ‘२०० लिटर’ लिहिलेले असते ते भरायच्या मापाचे, बाहेरचे आकारमान त्याहून जास्त असते. तुमचा ड्रम टेप लावून मोजा. मी इथे बाहेरचे आकारमान २२० लिटर, व्यास ५८ सेंटीमीटर आणि रिकाम्या ड्रमचे वजन ९ किलो धरतो. वजने किलोतच ठेवू. न्यूटन हवे तर मुलाने दोन्ही बाजूंना ९.८ ने गुणावे, भागाकारात ते उडूनच जाते.

फळ्या, आडवे वासे आणि बोल्ट मिळून ४२० किलो धरू. आठ ड्रमांचे ७२. रिकामा तराफा ४९२ किलोचा झाला. आठ ड्रमांचे आकारमान १,७६० लिटर. उन्हाळ्यात मांडवीच्या खालच्या पट्ट्यात पाणी बरेच खारे असते. समुद्राच्या पाण्याची घनता पुस्तकात लिटरला १.०२५ किलो देतात, पण तो आकडा थंड पाण्याचा. आपल्याकडच्या उबदार पाण्याला मी १.०२ धरतो. म्हणजे आठही ड्रम पूर्ण बुडाले तर १,७९५ किलो पाणी सारतील.

रिकामा तराफा: ४९२ ÷ १,७९५, म्हणजे २७.४ टक्के बुडालेला. सहा माणसे, प्रत्येकी ७५ किलो, म्हणजे ४५० किलो वर चढली की ९४२ ÷ १,७९५, म्हणजे ५२.५ टक्के.

आता गोड्या पाण्याचे बघा. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा चोडणकडे वरचे पाणी जवळपास गोडेच होते. भाजक १,७६० होतो आणि सहा माणसांसकट अंश ५३.५ टक्के. एका टक्क्याचा फरक. लोक या खाऱ्या-गोड्याची फार काळजी करतात, पण तराफ्याच्या मानाने तो फरक किरकोळ आहे. खरा बोजा वाढतो तो लाकूड भिजल्याने. जून-जुलैत फळ्या पाणी पितात. तुमच्या लाकडाने ८० किलो पाणी घेतले असे धरले तर वजन १,०२२ किलो आणि अंश ५८ टक्के. पाण्याच्या बदलाने एक टक्का, लाकडाच्या ओलीने साडेचार. म्हणून हिशोब नेहमी भिजलेल्या लाकडाचा आणि गोड्या पाण्याचा करायचा, डिसेंबरातल्या कोरड्या तराफ्याचा नाही.

इथवर सरळ आहे. घोटाळा होतो तो तराफा पाण्यात सोडल्यावर पडताळणी करताना. ५८ टक्के बुडाला म्हणजे ड्रमच्या उंचीचे ५८ टक्के बुडाले असे नाही. हा अंश आकारमानाचा आहे. ड्रम उभा असता तर दोन्ही जवळपास सारखेच आले असते. आडवा ड्रम खाली निमुळता, मध्ये रुंद. सुरुवातीचे काही सेंटीमीटर बुडताना थोडेच पाणी सरते, मध्यावर प्रत्येक सेंटीमीटरला भरपूर, आणि माथ्याकडे पुन्हा थोडे. रिकामा तराफा २७.४ टक्के बुडाला की पाण्याची रेघ ड्रमच्या तळापासून सुमारे १८.४ सेंटीमीटरवर येते. ५८ च्या २७.४ टक्के काढाल तर १६ सेंटीमीटर अपेक्षा धराल, मग प्रत्यक्षात रेघ वर दिसली की ‘तराफा ठरवल्यापेक्षा ७५ किलो जड झाला’ असे वाटून लाकूड कापत बसाल. बरोबर अर्ध्यावर, म्हणजे २९ सेंटीमीटरवर, दोन्ही हिशोब जुळतात. त्याखाली रेघ अपेक्षेहून वर दिसते, त्यावर गेल्यावर अपेक्षेहून खाली.

यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. ड्रम अर्ध्याच्या वर बुडाला की पुढच्या प्रत्येक सेंटीमीटरला मिळणारा आधार कमी कमी होत जातो. डोळ्यांना वाटते अजून दहा सेंटीमीटर ड्रम बाहेर आहे, पण ५८ तले ४८ बुडाले असतील तर आकारमानाचे ८८ टक्के संपलेले असतात. राहिलेल्या १२ टक्क्यांवर एखादी लाट किंवा फेरीबोटीचा पाण्याचा धक्का आला की तो ड्रम पाण्याखाली.

आणि तुमच्या तराफ्यात नेमकी हीच वेळ येणार आहे. वरचे ५८ टक्के सगळी माणसे मध्यभागी शहाण्यासारखी उभी राहिली तरचे. होडी आली की सगळे एका कडेला जातात. ड्रमांच्या चार-चारच्या दोन ओळी आहेत, ओळींच्या मध्यांतले अंतर २.४ मीटर आणि सहा माणसे मध्यरेषेपासून १.४ मीटरवर, म्हणजे ओळीच्याही थोडी बाहेर उभी आहेत, असे धरा. भिजलेल्या तराफ्याचे वजन ५७२ किलो, प्रत्येक ओळीवर २८६. माणसांचे ४५० किलो मात्र अर्धे-अर्धे वाटले जात नाही. तरफेचा नियम लावा: जवळच्या ओळीवर ४५० × २.६ ÷ २.४, म्हणजे जवळपास ४८८ किलो येतात आणि पलीकडची ओळ उलट ३८ किलोने हलकी होते. जवळच्या ओळीवर एकूण ७७४ किलो. चार ड्रम पूर्ण बुडून गोड्या पाण्यात ८८० किलोच पेलतात. अंश ८८ टक्के. पलीकडची ओळ २८ टक्क्यांवर. एक बाजू ४८ सेंटीमीटर बुडालेली, दुसरी १९, तराफा सुमारे ७ अंश कललेला. ओल्या फळीवर ७ अंशांत चप्पल सरकते आणि सरकणारा माणूस खालच्याच बाजूला जातो.

म्हणून आठ ड्रम सरासरीने पुरतात, कडेच्या हिशोबाने पुरत नाहीत. मी दहा घालीन, पाच-पाचच्या ओळीत. ड्रमांचे वजन १८ किलोने वाढते, पण जवळच्या ओळीची क्षमता १,१०० किलो होते आणि तोच प्रसंग ७१ टक्क्यांवर निभावतो. तरंगत्या कामात मी सरासरी अंश आधी काढतो खरा, पण ड्रम किती ते ठरवतो सगळ्यात वाईट कोपऱ्याचा अंश बघून.

पडताळणी स्वस्तात होते. ड्रम बांधण्याआधी प्रत्येक कोपऱ्याच्या ड्रमच्या गोल तोंडावर तळापासून दर पाच सेंटीमीटरला रंगाची रेघ मारा. मांडवीतून जाणाऱ्या खनिजाच्या बार्जवर पुढे-मागे आकडे रंगवलेले दिसतात, त्यांचे कामही हेच: किती बुडाले ते वाचायचे आणि त्यावरून माल किती चढला ते काढायचे. तुमच्या चार कोपऱ्यांपैकी तीन सारखे आणि एक दर आठवड्याला थोडा खाली जात असेल तर त्या ड्रममध्ये पाणी शिरते आहे. दुपारी उन्हात ड्रममधली हवा तापून थोडी झाकणातून निसटते, संध्याकाळी गार झाली की तीच फट पाणी आत ओढते. झाकणे पाण्याच्या रेघेच्या वर राहतील अशी फिरवून बांधा आणि बूच सिलिकॉनने बंद करा. आत शिरलेले पाणी हिशोबात वजनाच्या बाजूला लिहायचे, आकारमान तेच राहते. अर्धा भरलेला ड्रम म्हणजे शंभर किलोहून जड असा न सांगता चढलेला प्रवासी.

आता ठोकळे. ६० सेंटीमीटर बाजूचा घन ओतलात तर आकारमान ०.२१६ घनमीटर, काँक्रीट घनमीटरला २,४०० किलो, म्हणजे ठोकळा ५१८ किलोचा. पाण्यात पूर्ण बुडाल्यावर तो २१६ लिटर पाणी सारतो. खारे असेल तर त्या सारलेल्या पाण्याचे वजन २२० किलो, आणि तेवढेच प्लावक बल वर ढकलते. आभासी वजन ५१८ − २२० = २९८ किलो. एका ओळीत:

आभासी वजन = खरे वजन × (१ − द्रवाची घनता ÷ वस्तूची घनता)

काँक्रीटसाठी कंसातला आकडा सुमारे ०.५७५ येतो, म्हणजे काँक्रीट पाण्यात आपले चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गमावते. खोलीचा संबंध नाही, दोन मीटरवर टाका की पाचवर, पूर्ण बुडाल्यावर आकडा तोच. पावसाळ्यात गोड्या पाण्यात तो ३०२ किलो होईल. तराफा किंचित खाली जातो आणि ठोकळा किंचित जड होतो. मुलाला हे उलटसुलट वाटेल, पण कारण एकच आहे: पाणी हलके झाले म्हणून ते दोघांनाही कमी उचलते.

चिऱ्यांचे मात्र गणित सूत्रात बसवण्याआधी मोजावे लागते, कारण चिरा सच्छिद्र. खाणीखाणीचा दगड वेगळा, त्यामुळे घनतेचा तयार आकडा मी देणार नाही. मासळी बाजारात असतो तसला हुकाचा काटा घ्या. चिरा दोरीने बांधून हवेत तोला. मग तसाच लटकता ठेवून पाण्याने भरलेल्या टाकीत पूर्ण बुडवा, तळाला आणि कडांना न लावता. समजा हवेत ३२ किलो आणि बुडवल्याबरोबर १६ किलो भरला. फरक १६ किलो, म्हणजे गोड्या पाण्यात चिऱ्याचे आकारमान १६ लिटर. पण काट्याकडे लगेच पाठ करू नका. चिऱ्याच्या अंगातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघत राहतात आणि काटा हळूहळू वर सरकतो, १६ वरून १६.५, १७. रात्रभर ठेवलात तर समजा १८ वर थांबेल. चिरा जड झाला नाही, भोकांतली हवा निघून तिथे पाणी शिरले. आधी ती हवाही पाणी सारत होती, आता १४ लिटरच सारले जाते. बाहेर काढून लगेच तोललात तर तो हवेत ३४ किलो भरेल: पोटात दोन लिटर पाणी. नांगरासाठी भिजून स्थिर झालेला आकडा धरायचा, पण तोही एका चिऱ्याला १८ किलोच. एका ठोकळ्याच्या २९८ किलोंची बरोबरी करायला १७ चिरे एकत्र बांधावे लागतील. त्यात दोरी घासून तुटते ती वेगळीच. चिरे भिंतीला ठेवा.

हे २९८ किलो म्हणजे ठोकळा सरळ वर उचलायला लागणारे बल. आडव्या ओढीला तो एवढा टिकणार नाही. कठीण तळावर घर्षण आभासी वजनाच्या निम्मे धरले तर सुमारे १५० किलोची ओढ पेलेल, आणि दोर जितका उभा असेल तितकी ओढ वजनच कमी करते. म्हणून दोर तिरका आणि लांब हवा. ठोकळ्याजवळचे काही मीटर साखळीचे ठेवले तर आणखी चांगले, साखळी तळावर पडून ओढ आडवी ठेवते.

दोर आखूड ठेवला तर काय होते हे आकड्यांत बघण्यासारखे आहे. आपल्याकडे मोठ्या भरती-ओहोटीत पाणी सुमारे दोन मीटर वरखाली होते. ओहोटीला दोर ताणून बांधलात आणि भरती आली की तराफ्याला वर जायचे असते, ठोकळे खाली धरून ठेवतात. तराफा जास्त जास्त बुडत जातो. त्याच्यापाशी शिल्लक तरंगशक्ती आहे १,७९५ − ४९२ = १,३०३ किलो. चार ठोकळ्यांचे मिळून आभासी वजन १,१९२. म्हणजे ड्रम पूर्ण बुडण्याआधीच, ९४ टक्क्यांच्या आसपास, चारही ठोकळे तळ सोडतील आणि तुमचा तराफा नांगरांसकट प्रवाहाबरोबर निघेल. ठोकळ्यांचे जमिनीवरचे वजन २,०७२ किलो धरून हिशोब केलात तर हे कधीच होणार नाही असे वाटेल. तुम्ही दहा ड्रम घातलेत तर शिल्लक शक्ती आणखी वाढेल आणि ठोकळे आणखी लवकर सुटतील, तेव्हा दोर तर नक्कीच लांब ठेवा. जागा पक्की करण्याआधी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यातही विचारून घ्या, बोटींच्या वाटेत दोर आला तर तुमचाही ताप आणि बोटवाल्याचाही.

एक मर्यादा सांगायची राहिली. प्लावक बल येते ते खालून वर ढकलणाऱ्या पाण्याच्या दाबातून. ठोकळ्याखाली पाणी पोहोचत असेल तरच वरचा हिशोब लागू. खाजनाकडचा तळ चिखलाचा. काही महिन्यांत ठोकळा त्यात रुततो, खालचा पृष्ठभाग चिखलाने चिकटून बंद होतो आणि उचलायला गेलात की २९८ किलोंनी भागत नाही. नांगर म्हणून ही चांगली गोष्ट, काढताना वाईट. किती जास्त लागेल ते सूत्राने सांगता येत नाही, चिखलावर आणि किती दिवस रुतला त्यावर आहे.

काढायचा झाला तर होडीतून हिसके देऊ नका, होडी उलटते. तराफा मोकळा करून ठोकळ्याच्या बरोबर वर आणा, ऐन ओहोटीला दोर तराफ्याच्या मधल्या वाशाला ताठ बांधा आणि सगळे उतरून काठावर या. एक ठोकळा उचलायला आठ ड्रमांच्या रिकाम्या तराफ्याचा अंश २७.४ वरून ४४ टक्क्यांवर जावा लागतो, म्हणजे पाण्याची रेघ ड्रमवर १८ वरून २६ सेंटीमीटरवर. त्याला भरतीचे जेमतेम आठ सेंटीमीटर पुरतात. रेघ २६ च्या पुढे चढत राहिली तर समजा चिखल अजून सोडत नाही. ४० च्या वर जाऊ लागली तर दोर सैल करा आणि ठोकळ्याच्या कडेचा चिखल बांबूने हलवून पुढच्या ओहोटीला पुन्हा बांधा, कारण चिखल एकदम सुटला की तराफा उसळी मारतो. रेघ एकाएकी खाली येऊन २६ वर थांबली की ठोकळा लटकला. मग भरती असतानाच तराफा काठाकडे ओढत न्या.